पाळी गेल्यानंतर हाडे आणि स्नायू टिकवण्यासाठी: रोजच्या ताटाचा हिशेब कसा मांडावा

चार वर्षांपूर्वी श्रावणात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवरून माझा पाय घसरला आणि तोल सावरण्यासाठी टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. तेव्हा माझे वय ५१ होते आणि पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. रोज पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पाच किलोमीटर चालणे आणि महिन्यातून एकदा येळ्ळूरचा राजहंसगड चढणे हा नेम असल्यामुळे आपली हाडे बळकट आहेत, याविषयी मला शंकाच नव्हती. मनगटाला प्लास्टर चढले, दीड महिन्याने उतरले, हात कामाला लागला. परंतु केवळ उभ्या उंचीवरून पडून हाड का मोडले, हा प्रश्न मला त्या वेळी कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. तो पुढे सात-आठ महिन्यांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी विचारला आणि तिथून जे शिकावे लागले ते क्रमाने लिहीत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आपण जे जेवतो त्याच ताटाच्या आधारे हा हिशेब मांडला आहे.

१. आधी काय घडते ते समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे धरतात. भारतीय स्त्रियांत हे साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी घडते. आपल्या शरीरात जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. खरवडणाऱ्या पेशींना लगाम घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते घटले की खरवडणे वाढते आणि भरणे मागे पडते. सर्वाधिक झीज शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून पुढची दोन वर्षे होते. त्या काळात मणक्याच्या हाडाची घनता वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास उतरू शकते आणि नंतर हा वेग मंदावतो.

स्नायूंचे थोडे वेगळे आहे. वय वाढते तसे स्नायूंना प्रथिनांचा इशारा कमी ऐकू येऊ लागतो. तिशीत जेवणातल्या पंधरा ग्रॅम प्रथिनांवर स्नायूंची डागडुजी होत होती, तीच पन्नाशीनंतर होण्यासाठी एका जेवणात वीस ते पंचवीस ग्रॅम लागतात. दिवसाची बेरीज पुरेशी असूनही ती थोडीथोडी विखुरली असेल, तर लाभ कमी मिळतो. चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, गड चढणाऱ्या बाईची फसगत इथेच होते. दम टिकून असतो, त्यामुळे ताकद उतरल्याचे लवकर लक्षात येत नाही.

हे घरीच ताडून पाहता येते. हात छातीशी घडी करून साध्या खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठा आणि पूर्ण बसा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. पाच किलोमीटर सहज चालणाऱ्या मला साडेतेरा सेकंद लागले होते.

२. डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे

एका वहीत पुढील गोष्टी लिहून न्या: शेवटच्या पाळीचा महिना व वर्ष, आतापर्यंत मोडलेली हाडे आणि ती कशी मोडली, आईचे खुब्याचे हाड मोडले होते का, थायरॉइड, दमा, मूळव्याध, काहीही असो, सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आणि आजची उंची. उंची भिंतीला टेकून मोजा व जुन्या आरोग्यपत्रिकेतल्या उंचीशी ताडून पाहा. चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो. मणका दबला की दुखतेच असे नाही.

रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व एवढे पुरे. ड जीवनसत्त्वासाठी चिठ्ठीवर "२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी" असेच लिहिलेले आहे ना, ते बघा. "१,२५-डायहायड्रॉक्सी" ही वेगळी आणि महाग तपासणी आहे आणि तिच्यावरून साठा किती आहे ते कळत नाही. क्रिएटिनिन मात्र टाळू नका. मूत्रपिंड अशक्त असेल, तर पुढे सांगितलेले प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवता येत नाही.

हाडांच्या घनतेसाठी खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची डेक्सा तपासणी करतात. गावोगावच्या शिबिरांत टाचेवर यंत्र लावून "हाडे ठिसूळ" असा कागद हातात देतात. त्यावरून निदान होत नाही, फार तर डेक्सा करावी की नाही हे ठरवता येते. अशा एका शिबिरातून मी सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन आले होते, आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक शेवटी फेकून द्याव्या लागल्या. डेक्साच्या कागदावर टी-स्कोअर असतो. तो उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच यांच्यामध्ये असेल तर घनता कमी, आणि उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. माझा मणक्याचा उणे २.१ आला.

३. तीन दिवसांचे ताट मोजा

यासाठी स्वयंपाकघरात ठेवता येईल असा ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, खुणांचा मापाचा पेला आणि वही एवढेच साहित्य लागते. आठवड्यातले दोन साधे दिवस आणि एक रविवार मोजा. कच्चे पीठ, कच्ची डाळ, कच्चा पाला असेच वजन करा. शिजल्यावर पाणी मुरते आणि आकडे फसवतात. आमटी मोजताना वाटी मोजू नका, भांड्यात किती डाळ घातली आणि ती किती जणांनी खाल्ली ते लिहा. आमची आमटी चार माणसांत ६० ग्रॅम डाळीची होत असे. वाटीभर आमटी खाल्ली, म्हणून डाळ खाल्ली असे मी वर्षानुवर्षे समजत होते, प्रत्यक्षात वाट्याला येत होती १५ ग्रॅम डाळ आणि साडेतीन ग्रॅम प्रथिने.

माझे वजन ५६ किलो आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. पाळी गेलेल्या आणि अंगमेहनत करणाऱ्या स्त्रीने १.२ ग्रॅम धरावे, असे माझ्या डॉक्टरांनी ठरवले, म्हणजे दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम. कॅल्शियमची त्याच संस्थेची शिफारस पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२०० मिलिग्रॅम आहे. आता माझा जुना दिवस पाहा.

सकाळी पोह्यांची किंवा उप्पिटाची बशी, त्यात प्रथिने ५ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, आमटी आणि थोडा भात मिळून १८. संध्याकाळी दोन बिस्किटे, १. रात्री एक भाकरी, भात, आमटी आणि अर्धी वाटी ताक मिळून १४. दिवसभरात तीन चहा, त्यांतले दूध एकूण १५० मिलिलिटर, त्याचे ५. बेरीज ४३ ग्रॅम. कॅल्शियममध्ये चहाच्या दुधाचे १८०, तीन भाकऱ्यांचे ४०, आमट्यांचे ४०, भाजीचे ५०, ताकाचे ४० आणि बाकी सगळ्याचे ३०, म्हणजे ३८० मिलिग्रॅम. हवे होते त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी. ज्वारीची भाकरी पोटाला उत्तम, पण तिच्या पिठात शंभर ग्रॅमला तीसच्या आतच कॅल्शियम असते. आपल्या ताटात सगळ्यात जास्त जागा तीच घेते, आणि मग "आम्ही भाकरी खाणारी माणसे" या समजुतीवर आपण निर्धास्त राहतो.

४. नाश्त्यापासून दुरुस्ती सुरू करा

सर्वांत मोठी तूट सकाळी असते, आणि सकाळी बदल केला की घरातल्या इतरांच्या जेवणाला हात लावावा लागत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. मी पोहे आठवड्यातून एक दिवसावर आणले. आता चालून आल्यावर २०० मिलिलिटर दुधात ३० ग्रॅम नाचणीच्या पिठाची खीर आणि दोन उकडलेली अंडी घेते. त्यातून प्रथिने वीस ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅम मिळते. अंडी न खाणाऱ्यांनी ५० ग्रॅम पनीर किंवा मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी आणि वर दही असा पर्याय घ्यावा.

नाचणीबाबत एक खबरदारी घ्या. तिचे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात वरच्या सालीत असते. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात. ते मऊ आणि पांढरे असते, परंतु चोथ्याबरोबर आपल्याला हवे असलेले बरेचसे निघून जाते. म्हणून अख्ख्या नाचणीचे पीठ दळून आणा, मोड आणून वाळवलेली असेल तर अधिक चांगले, कारण मोड आल्यावर कॅल्शियम अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात. बाजारात ती "रागी" म्हणून मागावी लागते. तसेच हुलग्यांना "हुरळी" आणि शेवग्याच्या पाल्याला "नुग्गीसोप्पू" म्हटले की रविवार पेठेत चटकन मिळते. नव्याने या भागात राहायला आलेल्या भगिनींना एवढे शब्द पुरतील.

५. दुपारच्या ताटात डाळ घट्ट आणि पाला हिरवा

दुपारी भाकऱ्या दोनच ठेवल्या. पातळ आमटीऐवजी ४० ग्रॅम हुलग्यांची किंवा अख्ख्या मसुराची घट्ट उसळ, १०० ग्रॅम मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, आणि १५० ग्रॅम दही, असे ताट केले. प्रथिने २८ ग्रॅम होतात. हुलगे आणि मेथी असतील, तर कॅल्शियम ५८० मिलिग्रॅमच्या आसपास जाते, कारण हुलग्यांत शंभर ग्रॅमला सुमारे २७० आणि मेथीच्या पाल्यातही तितकेच असते. मसूर घेतले, तर प्रथिने टिकतात, पण कॅल्शियम ऐंशीएक मिलिग्रॅमने उतरते.

पालक मात्र या हिशेबात धरू नका. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यात शंभरातले जेमतेम पाचच शोषले जाते. दुधातले तीसच्या आसपास शोषले जाते. राजगिऱ्याच्या पाल्याची गतही काहीशी तशीच आहे. तिळाबाबत तर फारच गैरसमज आहे. शंभर ग्रॅम तिळात बाराशेच्या वर कॅल्शियम असते हे खरे, पण ते सालासकटच्या तिळात आणि तिथेही त्याच सालीत ऑक्झॅलेट असते. दुकानात मिळणारे पांढरेशुभ्र तीळ साल काढलेले असतात आणि त्यांत कॅल्शियम फारच थोडे उरते. तिळाची चटणी चवीसाठी जरूर खा, वहीत मात्र तिचे कॅल्शियम शून्य धरा.

मुतखड्याच्या धास्तीने दूध सोडलेल्या बऱ्याच बायका मला भेटल्या. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून टाकते, त्यामुळे जेवणातून कॅल्शियम कमी केले, तर ऑक्झॅलेटच्या खड्याचा धोका उलट वाढतो. जपायचे ते गोळ्यांबाबत, विशेषतः त्या उपाशीपोटी घेतल्या तर.

संध्याकाळी बिस्किटांच्या जागी ३० ग्रॅम फुटाणे आले. त्यांची सहा ग्रॅम आणि दोन चहांच्या दुधाची तीन धरून नऊ ग्रॅम प्रथिने होतात, कॅल्शियम १३५ मिलिग्रॅम. रात्री एक भाकरी, घट्ट आमटी, भाजी आणि वाटीभर ताक, म्हणजे प्रथिने १४ आणि कॅल्शियम ८०. असा नवा दिवस ७१ ग्रॅम प्रथिने आणि साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमवर येतो. रात्रीचे जेवण अजूनही हलके पडते, हे मला ठाऊक आहे. मासळीच्या दिवशी ते भरून निघते. काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी असेल तर कॅल्शियमही वाढते. उन्हाळ्यात मेथी महाग आणि जून होते, तेव्हा बेरीज ९०० च्या जवळ उतरते. त्याचे काय करायचे ते सातव्या पायरीत आहे.

६. ऊन: पहाटेचे नव्हे

माझे ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १३ नॅनोग्रॅम आले तेव्हा मला प्रयोगशाळेची चूक वाटली. रोज तास-दीड तास बाहेर चालणाऱ्या बाईचे इतके कमी कसे असेल? उत्तर सोपे होते. त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे किरण सकाळी सहा-सातच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन लागते, म्हणजे साधारण साडेदहा ते अडीच. त्यातून मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि डोक्यावर पदर घेऊन चालत होते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन उपयोगी नाही. बेळगावात जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलेच असते. सावळ्या त्वचेला वेळही अधिक लागतो. अन्नातून मिळण्याजोगे थोडेच आहे: अंड्याचा पिवळा बलक, तेलकट मासळी आणि पिशवीवर "+F" असे चिन्ह असलेले, जीवनसत्त्व मिसळलेले दूध.

२० च्या खाली आकडा असेल, तर बहुतेक डॉक्टर आठवड्याला एक याप्रमाणे ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठ आठवडे देतात. दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या, कारण ते स्निग्धांशात विरघळते. इथे दोन चुका वारंवार होतात. एक, आठवड्याची पुडी रोजची समजून घेणे. म्हणून घेण्याचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरी, आठ आठवडे संपल्यावरही दुकानातून आणून वर्षभर चालू ठेवणे. माझ्या एका मैत्रिणीला अशाने सतत मळमळ, बद्धकोष्ठ आणि तहान लागून राहिली आणि रक्तातले कॅल्शियम वाढलेले निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा आणि पुढची मात्रा त्यावर ठरू द्या. सहा लाख एककांचे एकच इंजेक्शन घ्यायला कोणी सांगितले, तर घेऊ नका. वर्षातून एकदाच अशी मोठी मात्रा दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडणे आणि हाड मोडणे वाढल्याचे दिसून आलेले आहे.

७. गोळी लागलीच तर फक्त तुटीपुरती

मेथीच्या दिवसांत माझी तूट शून्य असते आणि उन्हाळ्यात ३०० मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी जेवणानंतर दिवसाला एकच गोळी पुरते. पाकिटावरचा मोठा आकडा फसवा असतो. "कॅल्शियम कार्बोनेट १२५०" याचा अर्थ प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. एका वेळी ५०० हून अधिक घेतले तर शोषण घटते, म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. कार्बोनेटला पोटातले आम्ल लागते, ती जेवणाबरोबरच घ्या. आम्लपित्ताच्या गोळ्या कायम चालू असतील, तर डॉक्टरांना सायट्रेट मागा. लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नका, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवा. माझी थायरॉइडची मात्रा एकदा विनाकारण वाढवली गेली, ती केवळ मी दोन्ही गोळ्या पहाटे एकत्र गिळत होते म्हणून.

८. प्रथिनांना काम द्या आणि तपासणी पुन्हा करा

खाल्लेल्या प्रथिनांचा स्नायू होण्यासाठी स्नायूवर ओझे यावे लागते. चालणे हृदयाला चांगले, पण त्याने मांड्या आणि पाठीवर येणारा भार वाढत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांकडून आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलून घेतली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची थोडी उतरली. देखरेख हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. मणका दबलेला असेल तर वाकून ओझे उचलू नये, म्हणून आधी डेक्सा आणि मगच वजने. मी फिजिओथेरपिस्टकडून सहा आठवडे शिकून घेतले आणि आता खुर्चीवरून उठबस पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन करते.

आहाराने पाळीनंतरची झीज पूर्ण थांबत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली असेल, किंवा साध्या पडण्याने खुबा अथवा मणका मोडला असेल, तर औषध लागतेच आणि ताट हे त्याला जोड म्हणून असते. माझ्या बाबतीत मोडलेले मनगट आणि उणे २.१ हे दोन्ही पाहून डॉक्टरांनी औषधाचा निर्णय पुढच्या डेक्सापर्यंत राखून ठेवला होता. दुसऱ्या कोणी ते तेव्हाच सुरू केले असते.

दुसरी डेक्सा दोन वर्षांनी आणि त्याच यंत्रावर करा. यंत्र बदलले की तुलना निरर्थक होते. तीन टक्क्यांच्या आतला फरक यंत्राच्या चुकीतही बसतो, त्यावर आनंदही करू नये आणि घाबरूही नये. माझ्या मणक्याची घनता दोन वर्षांत दीड टक्क्याने उतरलेली दिसली, म्हणजे झीज झाली की नाही हे यंत्राला सांगता आले नाही. खुर्चीची उठबस साडेतेरावरून नऊ सेकंदांवर आली आहे, आणि तिसरी डेक्सा येत्या मार्गशीर्षात आहे.